कंपनीच्या टेम्प्लेटमध्ये रेझ्युमे पुन्हा मागितला जातो तेव्हा : बिघडणारी मांडणी, न जुळणारे महिने आणि त्यांवरील उपाय

पुण्यातील आयटी भरतीत, विशेषतः कंत्राटी जागांसाठी व्हेंडरमार्फत अर्ज करणाऱ्यांना, हा प्रसंग वारंवार येतो. रेझ्युमे पाठवून झालेला असतो, रिक्रूटरला प्रोफाइल पसंत पडलेले असते, आणि मग मेल येते की सोबत जोडलेल्या क्लायंटच्या फॉरमॅटमध्ये सगळी माहिती भरून आज संध्याकाळपर्यंत परत पाठवावी. उमेदवार आपल्या रेझ्युमेतील मजकूर उचलून त्या फाइलमध्ये डकवतो, तक्ते वेडेवाकडे होतात, फाँट बदलतात, आणि तासाभराने रिक्रूटरचा निरोप येतो की फॉरमॅट बरोबर नाही, पुन्हा पाठवा. पुढच्या महिन्यात दुसरा व्हेंडर दुसरे टेम्प्लेट पाठवतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते.

या लेखात मी वर्डमधील तक्ता-आधारित टेम्प्लेटपुरतेच बोलणार आहे, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा तेच मागितले जाते. वर व्हेंडरचा किंवा क्लायंटचा लोगो, त्याखाली नाव आणि एकूण अनुभवाचा तक्ता, मग कौशल्यांचा तक्ता, आणि शेवटी प्रत्येक प्रोजेक्टसाठी एक चौकट, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. असा आग्रह धरण्यामागे रिक्रूटरची लहर नसते. क्लायंटकडच्या व्यवस्थापकाला दहा जणांची माहिती एकाच जागी, एकाच क्रमाने पाहायची असते, आणि व्हेंडरला उमेदवाराचा फोन नंबर व मेल पत्ता काढून स्वतःचा लोगो लावायचा असतो. त्यामुळे ‘माझा रेझ्युमे अधिक चांगला दिसतो’ हा युक्तिवाद करण्यात वेळ घालवू नये. तो वेळ मजकूर नीट भरण्याला लागणार आहे.

भरायला बसण्यापूर्वी

टेम्प्लेट उघडण्याआधी रिक्रूटरला त्याच मेलला उत्तर देऊन क्लायंटचे नाव, जागेचा क्रमांक आणि फाइल कोणत्या स्वरूपात हवी आहे, एवढे विचारून घ्यावे. क्लायंटचे नाव सांगायला काही रिक्रूटर का-कू करतात, पण इथे अडून राहणे योग्य आहे. एकाच जागेसाठी दोन व्हेंडरांनी एकच उमेदवार पाठवला, तर क्लायंटकडे तो दुबार अर्ज म्हणून दिसतो, आणि कोणत्या व्हेंडरचा हक्क हा वाद मिटवत बसण्यापेक्षा तो अर्ज बाजूला ठेवणे क्लायंटला सोपे वाटते. तासभर खपून भरलेले टेम्प्लेट अशा रीतीने वाया जाऊ शकते. कोणत्या व्हेंडरला कोणत्या क्लायंटसाठी होकार दिला, याची तारखेसह नोंद एका साध्या एक्सेलमध्ये ठेवली तर हा प्रश्न पुढे उद्भवत नाही.

टेम्प्लेटमध्ये जन्मतारीख, पॅन, कधी कधी आधार क्रमांकासाठीही रकाना असतो. क्लायंटच्या पोर्टलवर उमेदवाराची वेगळी ओळख तयार करण्यासाठी पॅन मागितला जातो हे खरे आहे, पण रेझ्युमेची फाइल किती इनबॉक्समधून फिरणार आहे हे आपल्याला कळत नाही. माझ्या मते या टप्प्यावर आधार क्रमांक देऊच नये. अगदीच आग्रह झाला, तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क केलेले आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून घेता येते. पॅनचा रकाना फाइलमध्ये मोकळा ठेवून ‘निवड झाल्यावर देईन’ असे मेलमध्ये लिहावे. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागते.

मांडणी नेमकी कशामुळे बिघडते

वर्डमध्ये मजकूर कॉपी केला की त्याच्याबरोबर फाँट, ओळींमधील अंतर, बुलेटची जात, कधी कधी आख्खी शैलीसुद्धा उचलली जाते. हे सगळे टेम्प्लेटमध्ये उतरते आणि तिथल्या मांडणीशी भांडते. उपाय एकच आहे, तो म्हणजे केवळ मजकूर नेणे. डकवताना उजवे बटण दाबून येणाऱ्या पर्यायांपैकी "Keep Text Only" निवडावा, किंवा मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाकून तिथून उचलावा. मला दुसरा मार्ग अधिक खात्रीचा वाटतो, कारण नोटपॅडमध्ये वर्डचे फाँट आणि ओळींमधील अंतर टिकत नाही आणि मजकुरात काही विचित्र चिन्हे शिरली असतील तर ती तिथे लगेच डोळ्यांत भरतात. विंगडिंग्जसारख्या फाँटमधून आलेल्या बुलेट नोटपॅडमध्ये रिकाम्या चौकोनासारख्या किंवा भलत्याच अक्षरासारख्या दिसतात. त्या तिथेच काढून टाकाव्यात, अन्यथा टेम्प्लेटच्या स्वतःच्या बुलेटपुढे आपली जुनी बुलेट उभी राहते आणि प्रत्येक ओळीला दोन-दोन ठिपके दिसतात.

डकवण्यापूर्वी काय निवडले आहे, यालाही महत्त्व आहे. जुना रेझ्युमे जर तक्त्यात असेल आणि तिथला मजकूर न निवडता अख्खा रकानाच निवडून आणला, तर टेम्प्लेटच्या रकान्यात दुसरा तक्ता शिरतो, किंवा शेजारचा भरलेला रकाना पुसला जातो. रकान्यातील पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंतच निवड करावी. रकान्याच्या शेवटी असलेली अदृश्य खूण त्या निवडीत येऊ देऊ नये. Ctrl+Shift+8 दाबले की या खुणा दिसू लागतात आणि निवड कुठे थांबवायची ते कळते.

आपल्याकडे फक्त पीडीएफच उरली असेल तर आणखी एक अडचण येते. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी परिच्छेद तुटलेला असतो, त्यामुळे अरुंद रकान्यात गेल्यावर अर्ध्या-अर्ध्या ओळींचा जिना तयार होतो. असा मजकूर टेम्प्लेटमध्ये न नेता आधी कोऱ्या वर्ड फाइलमध्ये घ्यावा. जिथे खरा परिच्छेद संपतो तिथे एक रिकामी ओळ असल्याची खात्री करावी आणि मग Ctrl+H उघडून खालील बदल याच क्रमाने करावेत.

```
Find: ^p^p   Replace: @@@
Find: ^p     Replace: एक स्पेस
Find: @@@    Replace: ^p
```

पहिल्या पायरीने खरे परिच्छेद खूण लावून बाजूला ठेवले जातात, दुसरीने नको असलेले तुकडे जोडले जातात आणि तिसरीने खरे परिच्छेद परत मिळतात. बुलेट असलेल्या ओळींमध्ये रिकामी ओळ नसेल, तर दुसरी पायरी त्या सगळ्यांना एकाच लांबलचक परिच्छेदात गुंफून टाकते. म्हणून तिथे सुरुवातीलाच बुलेटचे चिन्ह शोधून त्याच्या जागी @@@ ठेवावे. हा बदल टेम्प्लेटमध्येच केला, तर टेम्प्लेटचे स्वतःचे परिच्छेदही जोडले जातात आणि मग फाइल पुन्हा नव्याने उघडण्यावाचून इलाज राहत नाही.

तक्त्यात दिसणारी लक्षणे

फाइलमध्ये काही टाइपच होत नसेल तर त्याची दोन वेगळी कारणे असतात, आणि ती ओळखता येतात. वर पिवळी पट्टी दिसत असेल तर मेलमधून आलेली फाइल वर्डने सुरक्षिततेसाठी केवळ वाचण्यापुरती उघडली आहे. पाठवणारा ओळखीचा असेल तर "Enable Editing" दाबले की काम होते. मात्र फाइलच्या नावाच्या शेवटी .docm असेल तर तिच्यात मॅक्रो असू शकतात. अशा वेळी मॅक्रो सुरू न करता रिक्रूटरकडे साधी .docx फाइल मागावी. पट्टी नसताना काही ठरावीक राखाडी जागांमध्येच लिहिता येत असेल, तर टेम्प्लेट मुद्दाम बंद केलेले आहे. "Review" मधील "Restrict Editing" उघडले तर ते कळते. तिथे पासवर्ड विचारला गेला तर तो चुकवण्याच्या खटपटी करू नयेत. त्या राखाडी जागांमध्ये अक्षरांची कमाल मर्यादाही घातलेली असू शकते, आणि ती संपली की पुढचे अक्षर उमटतच नाही. मजकूर त्या मर्यादेत बसवावा किंवा रिक्रूटरला तसे कळवावे, कारण ती मर्यादा क्लायंटच्या पोर्टलमधूनही आलेली असू शकते.

दुसरे लक्षण अधिक फसवे आहे. प्रोजेक्टच्या वर्णनाच्या आठ ओळी डकवल्या, पण तक्त्यात पाचच दिसतात आणि बाकीच्या जणू गायब झालेल्या असतात. मजकूर तिथेच असतो. रकान्याची उंची ठाम ठरवून दिल्यामुळे तो खालच्या रेषेआड दडलेला असतो. खाली जाणाऱ्या बाणाची कळ दाबत गेल्यावर कर्सर रेषेखाली नाहीसा झाला, तर हेच झाले आहे असे समजावे. तक्त्यावर उजवे बटण दाबून "Table Properties" मध्ये "Row" या भागात जावे आणि "Row height is" समोरचा "Exactly" हा पर्याय बदलून "At least" करावा. तिथेच "Allow row to break across pages" वर खूण असावी, नाहीतर मोठी चौकट सगळीच्या सगळी पुढच्या पानावर उडी मारते आणि आधीचे पान अर्धे कोरे राहते. हे दडलेले मजकूर विशेष त्रासदायक ठरतात, कारण उमेदवाराला वाटते की सगळे भरले आहे, रिक्रूटरला वाटते की उमेदवाराने अर्धवट भरले आहे, आणि दोघेही एकाच फाइलकडे पाहत असतात.

तक्ता पानाच्या उजवीकडून बाहेर गेला असेल, तर त्याचे कारण बहुधा एखादी न तुटणारी लांब ओळ असते, जसे की लिंक्डइन किंवा गिटहबचा पूर्ण पत्ता. "Table Properties" मधील "Table" भागात "Options" उघडून "Automatically resize to fit contents" वरची खूण काढली की स्तंभ पुन्हा ताणला जात नाही. पण खरे पाहता व्हेंडरच्या टेम्प्लेटमध्ये असे पत्ते ठेवण्याचे कारणच नसते, कारण त्यातून संपर्क उघड होतो आणि रिक्रूटर ते काढून टाकतोच.

मोबाइलवर हे सगळे करता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. मजकूर भरता येतो, पण रकान्याची उंची किंवा तक्त्याची रुंदी सुधारण्याच्या सोयी मोबाइलच्या अॅपमध्ये तोकड्या पडतात, आणि गूगल डॉक्समध्ये उघडून परत वर्डमध्ये उतरवलेल्या फाइलमध्ये शीर्षभागातील लोगो अनेकदा जागा सोडतो. ऑफिसात असताना मेल आली तर रिक्रूटरला रात्री नऊची वेळ कळवावी आणि घरच्या संगणकावर बसून भरावे. सध्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर हे काम करू नये, त्याचे कारण सांगायला नको.

महिन्यांचा हिशेब : एक उदाहरण

मांडणी नीट झाली तरी टेम्प्लेट परत येण्याचे सर्वांत मोठे कारण आकडे हे असते. आपल्या रेझ्युमेत ‘६+ वर्षे’ लिहून भागते. टेम्प्लेटमध्ये मात्र एकूण अनुभव, त्या जागेशी संबंधित अनुभव, प्रत्येक कौशल्याचा अनुभव आणि ते शेवटचे कधी वापरले, असे वेगवेगळे रकाने असतात, आणि खाली प्रोजेक्टच्या तारखाही असतात. वाचणारा वरच्या रकान्यांची खालच्या तारखांशी तुलना करतो.

एका जावा डेव्हलपरचे उदाहरण घेऊ. पहिल्या कंपनीत तो १५ जुलै २०१९ रोजी रुजू झाला आणि ३१ मार्च २०२२ रोजी बाहेर पडला. दुसऱ्या कंपनीत १८ एप्रिल २०२२ रोजी रुजू झाला आणि अजून तिथेच आहे. टेम्प्लेट तो १० जून २०२५ रोजी भरतो आहे. एक्सेलमध्ये सुरुवातीची तारीख A2 मध्ये आणि शेवटची B2 मध्ये ठेवून हे सूत्र लिहावे.

```
=DATEDIF(A2,B2+1,"m")
```

शेवटचा दिवसही नोकरीचाच असल्यामुळे एक दिवस मिळवला आहे. पहिल्या नोकरीचे पूर्ण महिने ३२ येतात आणि वर १७ दिवस उरतात. दुसऱ्या नोकरीचे पूर्ण महिने ३७ येतात आणि २४ दिवस उरतात. दोन्ही मिळून ६९ महिने आणि ४१ दिवस, म्हणजे ७० महिने आणि थोडे दिवस झाले. हा अनुभव ५ वर्षे १० महिने भरतो, सहा वर्षे नाही. ‘किमान ६ वर्षे’ अशी अट असलेल्या जागेसाठी हा फरक लपत नाही, म्हणून रिक्रूटरला तो आधीच सांगून ठेवलेला बरा. दोन महिन्यांसाठी अर्ज सहसा अडत नाही, पण तारखा आणि बेरीज जुळली नाही तर प्रश्न विचारले जातात.

आता संबंधित अनुभव. जागा स्प्रिंग बूटची आहे. पहिल्या कंपनीत आरंभीचा काळ सपोर्टच्या कामात गेला आणि स्प्रिंग बूटचे प्रोजेक्ट १ जानेवारी २०२१ पासून मिळाले. म्हणजे तिथले १५ महिने आणि दुसऱ्या कंपनीतील ३७ महिने मिळून ५२ महिने, अर्थात ४ वर्षे ४ महिने होतात. एडब्ल्यूएस त्याने सप्टेंबर २०२३ पासून वापरले, तर भरण्याच्या दिवसापर्यंत २१ महिने, म्हणजे १ वर्ष ९ महिने झाले. कौशल्यांच्या तक्त्यात हे तीन आकडे असे वेगवेगळे आले तरच ते खाली दिलेल्या प्रोजेक्टशी जुळतात. प्रत्येक कौशल्यासमोर सरसकट ‘६’ लिहिलेला तक्ता कोणत्याही अनुभवी मुलाखतकाराला लगेच खटकतो.

इथे एक छोटीशी गोष्ट आहे जिच्यामुळे रिक्रूटर आणि उमेदवार दोघेही गोंधळतात. आपल्याकडे ५ वर्षे १० महिने हे 5.10 असे लिहिण्याची सवय आहे. रिक्रूटर तो आकडा स्वतःच्या एक्सेल ट्रॅकरमध्ये टाकतो आणि एक्सेल शेवटचे शून्य गाळून तो 5.1 असा दाखवते. पुढे वाचणाऱ्याला तो ५ वर्षे १ महिना वाटतो आणि टेम्प्लेट ‘अनुभव जुळत नाही’ या शेऱ्यासह परत येते. दशांश पद्धतीने लिहायचे असेल तर ५ वर्षे १० महिने म्हणजे 5.83 होतात. हा घोळ टाळण्यासाठी टेम्प्लेटमध्ये आणि मेलमध्येही "5 years 10 months" असे शब्दांसह लिहावे.

रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा आठवणीतून लिहू नयेत. त्या रिलीव्हिंग लेटरवरून घ्याव्यात आणि ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवरील "Service History" मध्ये दिसणाऱ्या तारखांशी ताडून पाहाव्यात, कारण नोकरी पक्की झाल्यावर होणाऱ्या पडताळणीत याच नोंदी पाहिल्या जाण्याची शक्यता असते. दोन नोकऱ्यांच्या मधला १७ दिवसांचा खंड झाकण्यासाठी तारखा पुढेमागे करण्याची तर काहीच गरज नाही. तो इतका छोटा आहे की त्याबद्दल क्वचितच कोणी विचारते.

दुसऱ्याच्या नावाचे अवशेष

व्हेंडर जे टेम्प्लेट म्हणून पाठवतो ते पुष्कळदा आधीच्या कोणा उमेदवाराचा भरलेला रेझ्युमे असतो, ज्यातील मजकूर घाईघाईने पुसलेला असतो. शीर्षभागात किंवा तळभागात त्या व्यक्तीचे नाव शिल्लक राहते, एखाद्या प्रोजेक्टच्या चौकटीत तिच्या क्लायंटचे नाव असते, आणि बदलांचा मागोवा ठेवण्याची सोय सुरू असेल तर पुसलेला सगळा मजकूर एका क्लिकवर परत दिसतो. त्यामुळे भरून झाल्यावर शीर्षभागावर दोनदा क्लिक करून तो वाचावा, "Review" मध्ये "Accept All Changes and Stop Tracking" करावे, आणि शेवटी "File", "Info", "Check for Issues", "Inspect Document" या वाटेने जाऊन लेखकाचे नाव व टिप्पण्या काढून टाकाव्यात. या तपासणीत "Headers, Footers" वर मात्र खूण ठेवून सगळे काढू नये, नाहीतर व्हेंडरचा लोगोच निघून जातो आणि फाइल त्याच कारणासाठी परत येते.

मांडणीची शेवटची तपासणी अगदी सोपी आहे. Ctrl+A दाबून वरच्या पट्टीतील फाँटच्या नावाची चौकट पाहावी. तिथे नाव दिसत असेल तर शीर्षभाग आणि तळभाग सोडून सगळ्या मजकुराला एकच फाँट आहे. चौकट रिकामी असेल तर कुठेतरी दुसरा फाँट शिरला आहे, किंवा टेम्प्लेट बनवणाऱ्यानेच शीर्षकांना वेगळा दिला आहे. दुसरी शक्यता असेल तर सगळ्याला एकच फाँट लावण्याचा मोह टाळावा. आपण भरलेला एकेक रकाना निवडून पाहावा, आणि जो वेगळा निघेल त्यावर Ctrl+Space आणि Ctrl+Q दाबावे. पहिल्याने अक्षरांवर आणि दुसऱ्याने परिच्छेदावर आपण बाहेरून आणलेली मांडणी निघून जाते, आणि टेम्प्लेटची मूळ शैली परत येते.

रिक्रूटरने स्वतः भरलेली प्रत

‘तुम्ही माहिती मेलमध्ये द्या, फॉरमॅट मी करतो’ असे काही रिक्रूटर सांगतात, आणि वेळ कमी असेल तर हा पर्याय घ्यायला हरकत नाही. मात्र क्लायंटकडे जाणारी अंतिम प्रत मेलने मागून घ्यावी आणि ती मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. जागेच्या वर्णनाशी जुळवण्यासाठी कौशल्यांच्या तक्त्यात एखादी ओळ वाढवलेली किंवा १ वर्ष ९ महिन्यांचे ३ वर्षे केलेले आढळते, आणि मुलाखतीत त्याची उत्तरे उमेदवाराला द्यावी लागतात. असे दिसले तर फोनवर न बोलता त्याच मेलला उत्तर देऊन, ‘एडब्ल्यूएसचा अनुभव १ वर्ष ९ महिने आहे, कृपया दुरुस्त करून पाठवावे’, इतके नेमके लिहावे. प्रत पाठवायला रिक्रूटर सरळ नकार देत असेल, तर त्या जागेसाठी दिलेला होकार मागे घेण्याचा विचार मी तरी करीन.

पुढच्या वेळी कमी वेळात कसे होईल

हे काम वारंवार करावे लागणार असेल, तर मांडणी केलेला रेझ्युमे हा मूळ ऐवज न मानता एक साधी .txt फाइल मूळ मानावी आणि तिच्यातून प्रत्येक टेम्प्लेट भरावे. त्या फाइलमध्ये प्रत्येक प्रोजेक्टचा एक गट असतो आणि टेम्प्लेटमध्ये जे रकाने सहसा येतात ते सगळे त्या गटात आधीच लिहून ठेवलेले असतात.

```
[P3]
Role: Java Developer
From: 2022-04-18
To: present
Team size: 7
Env: Java 17, Spring Boot 3.1, Oracle, AWS
Short:
Long:
```

"Short" खाली तीन ओळींचे आणि "Long" खाली आठ ओळींचे कामाचे वर्णन ठेवावे, कारण काही टेम्प्लेट चौकट देतात आणि काही अख्खे पान. प्रत्येक मुद्दा एकाच सलग ओळीत, बुलेटशिवाय लिहावा, म्हणजे टेम्प्लेटची स्वतःची बुलेट आपोआप लागते. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा पूर्ण लिहाव्यात. कोणी ‘एप्रिल २२’ मागतो, कोणी 04/2022, आणि पूर्ण तारखेवरून दोन्ही करता येतात, उलट मात्र होत नाही. टीमचे आकारमान आणि आवृत्त्यांचे क्रमांक प्रोजेक्ट सुरू असतानाच लिहून ठेवावेत. तीन वर्षांनी कोणती आवृत्ती होती हे आठवत बसण्यात टेम्प्लेट भरण्याचा निम्मा वेळ जातो. ही फाइल ड्राइव्हवर ठेवली तर रिक्रूटरचा फोन आल्यावर मोबाइलवरही ती समोर असते आणि सांगितलेले आकडे लिहिलेल्या आकड्यांशी जुळतात. दर तीन महिन्यांनी तिच्यात चालू प्रोजेक्टच्या एक-दोन ओळी वाढवाव्यात.

परत पाठवताना नवी मेल सुरू न करता रिक्रूटरच्या त्याच मेलला उत्तर द्यावे, म्हणजे जागेचा क्रमांक आणि आधीचे बोलणे एकत्र राहते. फाइलचे नाव त्याने सांगितले असेल तसेच ठेवावे. सांगितले नसेल तर नाव, मुख्य कौशल्य, अनुभव आणि क्लायंट यांनी बनलेले नाव द्यावे आणि शेवटी v1 लावावे. दुरुस्ती झाल्यावर त्याच नावाची दुसरी फाइल न पाठवता v2 करावे, नाहीतर रिक्रूटरच्या डाउनलोडमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात आणि जुनीच पुढे जाते. स्पष्टपणे पीडीएफ मागितली नसेल तर .docx पाठवावी, कारण व्हेंडरला त्यात लोगो किंवा शेरा घालायचा असतो. मेलच्या मजकुरात नोटीस पीरियड, सध्याचा व अपेक्षित सीटीसी आणि मुलाखतीसाठी मोकळ्या वेळा लिहून टाकल्या तर तेवढ्यासाठी येणारा पुढचा फोन वाचतो.

इतके करूनही ‘फॉरमॅट बरोबर नाही’ असा मोघम निरोप आला, तर फाइल अंदाजाने बदलत बसू नये. रिक्रूटरकडे त्याला दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट मागावा. तो मोबाइलवर किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून पाहत असेल तर स्क्रीनशॉटवरून ते लगेच ओळखू येते, आणि त्या वेळी .docx बरोबर फक्त पाहण्यासाठी तीच फाइल पीडीएफमध्येही जोडावी, म्हणजे मांडणी मुळात कशी आहे हे त्याच्यासमोर राहते. स्क्रीनशॉटमध्ये टेम्प्लेटच वेगळे दिसत असेल, तर त्याने चुकून जुनी आवृत्ती पाठवली होती असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी नवे टेम्प्लेट मागवून .txt फाइलमधून ते भरायला अर्धा तास पुरतो.